सामाईक कुंपणभिंतीला लागून पाया खणण्याआधी शेजाऱ्याला पत्र कसं लिहावं

तुमच्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये एक जुनी विटांची भिंत आहे. तिच्या एका अंगाला तुम्हाला नवीन खोलीचा पाया खणायचा आहे. भिंतीला एक-दोन तडे आहेत, काही सांध्यांतला माल निघून आलाय. अशा वेळी बहुतेकजण शेजाऱ्याला कुंपणावरून सांगतात, "पुढच्या महिन्यात काम सुरू करतोय हं," आणि तेवढ्यावर भागवतात. चर खणल्यावर भिंतीत नवी भेग दिसली, की ती जुनी की नवी हे मग कुणालाच सांगता येत नाही.

हे टाळायला एक पत्र पुरतं, पण त्यात मोजमापं हवीत. "आम्ही काळजी घेऊ" या वाक्याचा शेजाऱ्याला काही उपयोग नसतो. "तुमच्या भिंतीचा पाया ४५ सेंमी खोल आहे, आमचा १२० सेंमी जाणार आहे, म्हणून अमुक करणार आहोत" असं लिहिलं की त्याला पुढचे प्रश्न विचारता येतात. म्हणून पत्र लिहायच्या आधीची दोन दिवसांची मोजणी हाच या कामाचा खरा गाभा आहे.

खालच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण घेतलंय: १२ मीटर लांब, १.८ मीटर उंच, २३ सेंमी जाड विटांची भिंत, दोन्हीकडची जमीन एकाच पातळीवर. शेजाऱ्याकडची जमीन उंच असेल तर ती भिंत नुसतं कुंपण नसून माती अडवणारी भिंत असते. तिथे हा लेख पुरणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या आराखड्याशिवाय त्या भिंतीजवळ कुदळ मारू नका.

१. भिंतीचा पाया कुठवर आहे ते बघा

कुंपणभिंतींचे पाये बहुधा उथळ असतात आणि जुन्या नकाशावर त्यांची खोली क्वचितच सापडते. त्यामुळे एक तपासखड्डा खणावाच लागतो. तो तुमच्याच बाजूला, भिंतीला चिकटून, भिंतीच्या लांबीत ६० सेंमीपेक्षा मोठा नको. हाताने खणायचा, मशीनने नाही. भिंत लांब असेल तर दोन टोकांना दोन खड्डे घ्या, कारण टप्प्याटप्प्याने बांधलेल्या भिंतीचा पाया सगळीकडे सारखा नसतो. पायाचा तळ दिसला की थांबा, त्याखाली उकरू नका. मापं आणि फोटो घेऊन त्याच दिवशी खड्डा थराथराने धुमसून बंद करा.

तीन गोष्टी टिपून घ्यायच्या: तळ जमिनीपासून किती खाली आहे, पाया भिंतीच्या बाहेर तुमच्याकडे किती आलाय, आणि तळाशी माती कसली आहे. आपल्या उदाहरणात तळ ४५ सेंमीवर आहे, पाया १० सेंमी बाहेर आलाय आणि माती घट्ट मुरमाड आहे.

ते बाहेर आलेले १० सेंमी लक्षात ठेवा. "हे आपल्या हद्दीत येतंय" म्हणून कामगार ते छिन्नीने उडवतात आणि तिथेच गडबड होते. पायाची एक बाजू छाटली की भिंतीचं वजन उरलेल्या पायाच्या मधोमध येत नाही, ते कडेला सरकतं. कडेखालची माती दबते आणि भिंत हळूहळू तुमच्या चराकडे झुकते. अशी भिंत दर मीटर लांबीला साधारण ८०० किलो भरते, हे ध्यानात असू द्या.

२. तुमच्या चराचा भिंतीशी संबंध येतो का ते ठरवा

जुन्या पायाच्या तळाच्या कडेपासून खाली ४५ अंशांत एक तिरकी रेघ कागदावर काढा. तुमच्या चराचा तळ त्या रेघेच्या वर राहिला तर घट्ट जमिनीत धोका कमी असतो. रेघ चरात शिरली, तर ज्या मातीवर भिंत उभी आहे तीच माती तुम्ही बाजूने उघडी पाडताय असा अर्थ होतो. माती मऊ, भरावाची किंवा पाणी धरणारी असेल तर ही रेघ आणखी आडवी धरतात, म्हणजे खोलीतल्या फरकाच्या दुप्पट अंतर सोडतात.

आपल्या उदाहरणात नवा चर १२० सेंमी खोल आहे. जुना पाया ४५ वर थांबतो, म्हणजे फरक ७५ सेंमी. ४५ अंशांच्या हिशेबाने जुन्या पायाच्या कडेपासून चराच्या कडेपर्यंत ७५ सेंमी अंतर हवं. प्रत्यक्षात ६० सेंमीच आहे. पंधरा सेंमीच कमी पडतायत म्हणून सोडून देऊ नका. संबंध येतो, आणि पत्रात तसं स्पष्ट लिहायचं.

याच टप्प्यावर इंजिनीअरला एक प्रश्न जरूर विचारा: पाया १५ सेंमी आत सरकवता येईल का, किंवा भिंतीकडच्या बाजूला तो थोडा उथळ ठेवता येईल का? पुष्कळदा नकाशावरची एवढीशी हालचाल बाकीची सगळी उठाठेव वाचवते. नसेल जमत तर चर एकदम न खणता कप्प्याकप्प्याने खणावा लागतो. ते पुढे येईल.

३. भिंतीची आजची अवस्था कागदावर उतरवा

भिंतीवर एका टोकापासून दर मीटरला खडूने आकडे घाला: ०, १, २ असे १२ पर्यंत. मग प्रत्येक दोष त्या आकड्याशी जोडून लिहा. फोटो काढताना टेप तड्यावर आडवी धरा, नाहीतर फोटोत तडा किती रुंद हे कळत नाही. शेजाऱ्याच्या बाजूची नोंद त्याच्या परवानगीने आणि शक्यतो त्याच्यासमक्षच घ्या.

तडा कुठे रुंद आहे ते पाहा. खाली रुंद आणि वर बारीक असेल तर मधला भाग खचलेला असतो. वर रुंद असेल तर टोकं खचलेली असतात. सांध्यांतून पायऱ्यांसारखा चढत गेलेला तडा बहुधा पायाच्या हालचालीचा असतो. गिलाव्यावरचं केसासारखं जाळं मात्र बहुतेकदा गिलाव्यापुरतंच असतं.

झुकाव ओळंब्याने मोजा. वरून ओळंबा सोडून माथ्याशी आणि तळाशी भिंतीपासून दोरीचं अंतर घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे झुकाव. २३ सेंमी जाडीची भिंत सरळसोट कलली असेल आणि माथा तळापेक्षा साडेसात सेंमीहून जास्त बाहेर गेला असेल, तर नुसत्या स्वतःच्या वजनानेच तिच्या तळाची मागची बाजू उचलू पाहते. वाऱ्याचा जोर यात धरलेलाच नाही. म्हणून २-३ सेंमी झुकावालाच इंजिनीअरला दाखवणं शहाणपणाचं, आणि ५ सेंमीच्या पुढे गेलेली भिंत डागडुजीला नाही, उतरवून पुन्हा बांधायला आलेली असते.

आपल्या भिंतीची नोंद अशी निघाली: ४ मीटरच्या खुणेवर पायऱ्यांसारखा तडा, वर ३ मिमी आणि खाली केसभर, ७ ते १० मीटरमध्ये सांध्यांतला माल भुसभुशीत, खिळ्याने एक सेंमी सहज खरवडून येतो, १० ते १२ मीटरमध्ये माथ्यावरचं कोपिंग गायब, ८ मीटरवर आपल्या बाजूला २ सेंमी झुकाव.

तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू विटेत पक्का बसवा आणि दोन डोक्यांमधलं अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजा. आठवड्यातून एकदा, दिवसाच्या ठरावीक वेळीच मोजायचं, कारण उन्हाने भिंत थोडी हलतेच. तीन-चार आठवडे आकडा स्थिर राहिला तर तडा झोपलेला आहे, तो भरता येतो. आकडा वाढतच असेल तर भरण्यात अर्थ नाही. आधी कारण शोधा. बऱ्याचदा ते गळकी पाइपलाइन किंवा शेजारचं झाड असतं.

४. दुरुस्ती आधीच का, हे स्वतःला नीट समजावून घ्या

शेजारी हमखास विचारतो, "खणून झाल्यावर सगळं एकदमच नीट करू की." ऐकायला सोयीचं वाटतं, पण ते उलटं आहे. कप्प्याने खणताना त्या कप्प्यामागची माती आधार देईनाशी होते आणि तेवढ्या भागाचं वजन भिंत दोन्ही बाजूंच्या न खणलेल्या मातीकडे वळवते. म्हणजे भिंतीला थोडा वेळ कमानीसारखं काम करावं लागतं. सांधे भरलेले असतील तर ती ते करते. माल निघालेल्या भागात विटा एकमेकींना धरून राहत नाहीत, आणि तड्यापाशी तर भिंत आधीच दोन तुकड्यांत असते.

दुसरं कारण साधं आहे. खोली उभी राहिली की तुमच्या बाजूने भिंतीजवळ माणूस उभा राहील एवढी जागाच बहुधा उरत नाही.

दुरुस्तीत काय करायचं ते पत्रात गवंड्याला कळेल इतकं नेमकं लिहा. सुटे सांधे २० ते २५ मिमी खोल खरवडायचे, धूळ काढून ओले करायचे आणि दर्जा भरायच्या. मूळ भिंत चुन्यात असेल तर चुन्याचाच माल वापरा. कडक सिमेंटचा माल घातला की ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, ती विटेतून वाट काढते आणि काही वर्षांत विटांचे चेहरे पापुद्र्यासारखे सुटतात. सिमेंटच्या भिंतीला १:६ माल पुरेसा आहे. "मजबूत करतो" म्हणून १:३ घालणाऱ्याला थांबवा.

झोपलेल्या तड्याला दर चार ते सहा थरांनंतर आडव्या सांध्यात खाच पाडून ६ मिमीची स्टेनलेस पिळाची सळई बसवतात, तड्याच्या दोन्ही अंगांना ५० सेंमी जाईल अशी. नुसता गिलावा मारून तडा झाकणं म्हणजे पुरावा झाकणं. शेजाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो. कोपिंग आधी बसवा, कारण उघड्या माथ्यातून पाणी आत उतरत राहिलं तर खालचं सगळं काम पुन्हा भिजतं. नव्या मालावर निदान सात दिवस पाणी मारायचं आणि त्यानंतरच खोदाईला हात घालायचा. चुन्याच्या मालाला याहून जास्त वेळ द्यावा लागतो.

५. तारखा उलट्या मोजा

खोदाईच्या दिवसापासून मागे या. माल पक्का व्हायला दोन आठवडे, दुरुस्तीला एक, तड्यावर नजर ठेवायला तीन ते चार. शेजाऱ्याला विचार करायला, हवं तर स्वतःचा इंजिनीअर आणायला दोन. पहिले दोन आठवडे तड्याच्या नोंदीबरोबरच जातात, म्हणजे सात आठवडे होतात. तरीही एखादा आठवडा हाताशी ठेवून पत्र खोदाईच्या आठ आठवडे आधी त्याच्या हातात पडायला हवं. तुमच्या भागात अशा कामाची कायदेशीर नोटीस लागत असेल तर ती वेगळी द्या. हे पत्र तिची जागा घेत नाही.

६. पत्राला काय जोडायचं

- खुणा घातलेल्या भिंतीचं हाताने काढलेलं चित्र, दोषांसकट
- तारखेसह फोटो आणि तपासखड्ड्याचा फोटो
- जुना पाया, नवा चर आणि ४५ अंशांची रेघ दाखवणारा आडवा छेद, इंजिनीअरच्या सहीचा
- तड्याच्या मोजमापांचा तक्ता, पुढच्या रकान्यांसह
- दुरुस्तीची परिमाणं आणि खर्च कोणी उचलायचा त्याची यादी
- कंत्राटदाराचं नाव आणि त्याच्या विम्याची प्रत, विमा असेल तर

खर्चाच्या यादीत एक गोष्ट कसोशीने पाळा. जुनी झीज आणि तुमच्या खोदाईमुळे लागणारं काम यांची सरमिसळ करू नका. कोपिंग आणि सांधे हा दोघांचा विषय आहे. कप्प्याने खणणं, टेकू, मोजमापं हा सगळा फक्त तुमचा. आपल्या उदाहरणात सांध्यांचं काम ३ मीटर गुणिले १.८ मीटर, दोन्ही बाजू मिळून १०.८ चौरस मीटर होतं. असा आकडा दिला की शेजारी स्वतःच्या गवंड्याकडूनही भाव काढू शकतो.

७. पत्राचा नमुना

> दिनांक: …
>
> श्री. … यांस,
>
> विषय: आपल्या सामाईक भिंतीची दुरुस्ती आणि त्यानंतरची आमची पायाखोदाई
>
> स. न. वि. वि.
>
> आमच्या घराच्या मागच्या बाजूला एक खोली बांधायचं ठरवलं आहे. तिचा पाया आपल्या सामाईक भिंतीला समांतर जातो. खोदाई दि. … च्या आधी सुरू होणार नाही.
>
> भिंतीचा पाया आमच्या बाजूने खणून पाहिला. तो जमिनीखाली ४५ सेंमीपर्यंत आहे. आमचा चर १२० सेंमी खोल असेल आणि जुन्या पायाच्या कडेपासून ६० सेंमी दूर असेल. या अंतरावर खोदाईचा परिणाम भिंतीखालच्या मातीवर होऊ शकतो, म्हणून पुढील काळजी घेण्याचं ठरवलं आहे. इंजिनीअरचा छेद सोबत जोडला आहे.
>
> भिंतीत आज जे दोष आहेत त्यांची आमच्या बाजूची नोंद जोडली आहे. आपल्या बाजूची नोंद आपण सांगाल त्या वेळी येऊन दोघांनी मिळून करावी अशी विनंती आहे. नोंदीत काही राहिलं किंवा चुकलं असेल तर कृपया त्यावरच लिहावं. दोघांच्या सहीची एकेक प्रत दोघांकडे राहील.
>
> खोदाईआधी तीन कामं करावीत असं सुचवतो: ७ ते १० मीटरमधले सांधे दोन्ही बाजूंनी भरणं, ४ मीटरवरचा तडा सळयांनी सांधणं, आणि १० ते १२ मीटरमध्ये नवीन कोपिंग बसवणं. सांधे आणि कोपिंग ही जुनी झीज असल्याने तो खर्च निम्मा-निम्मा करावा असं वाटतं. आपलं मत वेगळं असल्यास बोलून ठरवू. तडा सांधण्याचा आणि खोदाईशी संबंधित सगळा खर्च आमचा. आपल्या बाजूच्या कामासाठी गवंड्याला तीन दिवस आपल्या आवारात यावं लागेल. रोपं, फरशी यांना धक्का लागल्यास ती पूर्ववत करून देऊ.
>
> चर एकदम न खणता १.२ मीटरच्या कप्प्यांत खणला जाईल. खोदाईच्या दिवसांत तड्याचं मोजमाप रोज सकाळी घेऊन त्याच दिवशी आपल्याला कळवू. मापात १ मिमी किंवा अधिक फरक पडला, किंवा कुठेही नवी भेग दिसली, तर खोदाई लगेच थांबवून उघडा कप्पा त्याच दिवशी भरला जाईल आणि इंजिनीअरने पाहिल्याशिवाय काम पुढे जाणार नाही. खोदाईमुळे झालेलं नुकसान आम्ही भरून देऊ.
>
> आपल्या बाजूने भिंतीजवळ पाण्याची टाकी, पाइप किंवा ड्रेनेज असल्यास कृपया कळवावं. आपलं उत्तर दि. … पर्यंत मिळालं तर बरं होईल. त्याआधी भेटून बोलायचं असल्यास कधीही या.
>
> कळावे,
>
> आपला शेजारी
>
> …

पत्र हातात द्या, आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही घ्या. सही "पत्र मिळालं" एवढ्यासाठीच आहे हे बोलून दाखवा. मान्यतेची सही आहे असा समज झाला तर माणूस बिचकतो, आणि ते साहजिकच आहे. भाडेकरू राहत असेल तर पत्र मालकाला जायला हवं. भाडेकरूला फक्त तारखा कळवा.

८. शेजारी गप्प राहिला किंवा नाही म्हणाला तर

गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. आठवड्याने एकदा आठवण द्या, तीही लेखी. तरी उत्तर नाही आलं तर तुमच्या बाजूची नोंद एखाद्या त्रयस्थ इंजिनीअरकडून करून घ्या आणि तिची प्रत शेजाऱ्याला पोचवा. खर्चाला नकार असेल तर त्यावरून दुरुस्ती अडवू नका: कोपिंगच्या दोन मीटरचे निम्मे पैसे वाचवण्यासाठी १२ मीटर भिंत पणाला लावणं हा वाईट सौदा आहे. आवारात यायलाच मनाई असेल तर मात्र सांधे एकाच बाजूने भरले जातील. मग इंजिनीअरला ते सांगून कप्पे लहान करून घ्या किंवा पाया आत सरकवा.

९. दिलेला शब्द जमिनीवर कसा पाळायचा

१२ मीटरचे १.२ मीटरचे दहा कप्पे होतात. एका वेळी उघडलेल्या दोन कप्प्यांत निदान दोन कप्पे न खणलेले किंवा पूर्ण झालेले राहतील असा क्रम लावा. ४ मीटरवरचा तडा चौथ्या कप्प्यात येतो, म्हणून तो गट शेवटी: आधी ३, ६, ९, मग २, ५, ८, शेवटी १, ४, ७, १०. चौथा उघडेल तेव्हा त्याच्या दोन्ही बाजू पक्क्या झालेल्या असतील.

कप्पा "पूर्ण" कधी म्हणायचा, इथे सगळ्यात जास्त चूक होते. तळाला ३० सेंमी काँक्रीट टाकलं की मुकादम पुढच्या कप्प्याकडे वळतो. पण जुना पाया त्या काँक्रीटच्या माथ्यापेक्षा ४५ सेंमी वर थांबतो, आणि तेवढी मातीची बाजू अजून उघडीच असते. नव्या पायाचं बांधकाम आणि जुन्या भिंतीकडची माती यांच्यामधली फट निदान जुन्या पायाच्या तळापर्यंत भरली गेली, मगच कप्पा पूर्ण. तिथे माती टाकायची तर १५ सेंमीचे थर देऊन धुम्मसने धुमसा. अरुंद फटीत धुम्मस चालत नाही, म्हणून कमी सिमेंटचं काँक्रीट ओतणं सोपं आणि खात्रीचं पडतं. शेजारचा कप्पा उघडायच्या आधी काँक्रीटला किती दिवस द्यायचे हे इंजिनीअरकडून लिहून घ्या. कप्प्यांतून सलग जाणाऱ्या सळयांची टोकं जोडासाठी किती लांब सोडायची, हेही त्याच कागदावर असू द्या.

खणलेली माती भिंतीला टेकवून रचू नका. तिचा रेटा भिंतीला आडवा ढकलतो. उघडा कप्पा रात्रभर सोडायची वेळ आली तर फळ्या आणि आडवे टेकू लावा, आणि वर ताडपत्री घाला. चरात पाणी साठलं तर तळाची माती लोण्यासारखी होते. ती खरवडून काढल्याशिवाय काँक्रीट टाकू नका, आणि पाणी उपसताना पंपाचा पाइप शेजाऱ्याच्या बाजूला सोडू नका. चरात माणूस उतरणार असेल तर सुट्या मातीत कमी खोलीलाही बाजूंना आधार द्या.

शेवटचा कप्पा भरल्यावर स्क्रूंमधलं माप आणखी महिनाभर दर आठवड्याला घ्या, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा. चिकणमाती असेल तर ही मुदत वाढवा, तिची हालचाल सावकाश होते. तक्त्यातला शेवटचा आकडा भरला की दोघांनी तारखेसह सही करायची, एक प्रत शेजाऱ्याला द्यायची आणि स्क्रू काढून भोकं त्याच मालाने बुजवायची.